घरातलं माणूस गेल्यावर पोस्ट कशी लिहिली? अनुभव सांगा

सायली_पुणे: मागे काका गेले तेव्हा पोस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. भाचीने आधीच लिहून ठेवलं होतं, "माय सुपरस्टार काका आता स्वर्गात पार्टी करतायत", खाली हार्ट आणि हॅशटॅग. तिचं प्रेम खरंच होतं पण काकूच्या डोळ्यासमोर ते यायला नको वाटलं. मग तिच्याशी बोलून एवढंच ठेवलं: "आमचे काका आज पहाटे गेले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत. अंत्यविधी दुपारी ४ वाजता, वैकुंठ स्मशानभूमी. काकूला सध्या फोन नको, मेसेज करा." जेवणाचं वाक्य भाचीनेच सुचवलं. तुम्ही काय केलंत?

जुना_वार्ताहर: मी बरीच वर्षं पेपरात निधनवार्ता लावल्या. तुमचा मजकूर चांगला आहे, फक्त "आज" च्या जागी तारीख आणि वार हवा. फेसबुकवर पोस्ट दोन दोन दिवसांनी वर येते आणि माणसं भलत्याच दिवशी स्मशानात जाऊन उभी राहतात. आणि पोस्ट करायच्या आधी जवळच्यांना फोन झालेच पाहिजेत, बाहेरगावहून निघालेल्या लेकीला ट्रेनमध्ये स्टेटसवरून कळणं फार वाईट. टॅगसुद्धा विचारल्याशिवाय नको.

कोकणकन्या: माझ्या मते तेराव्यापर्यंत काही लिहूच नये, फोटो तर नकोच.

जुना_वार्ताहर: सविस्तर आठवणी नंतर लिहा, हे पटतं. पण वेळ नाही कळवली तर खांदा द्यायला कोण येणार? फोटोही चालतो, फक्त गॉगल लावलेला ट्रिपचा सेल्फी किंवा हॉस्पिटलमधला नको.

मनू७: मी अशा पोस्टवर नेहमी आरआयपी लिहितो, ते बरोबर आहे ना?

सायली_पुणे: विषय पोस्ट लिहिण्याचा होता, पण सांगते. आम्हाला "माझ्याकडे सुटे पैसे नव्हते तेव्हा काकांनी एकदा माझं तिकीट स्वतः भरलं होतं" असली कमेंट आली ती काकूने परत परत वाचायला लावली.

निनावी: आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. सगळ्यांना बातमी आधी सांगितलेली, त्यामुळे रोज कोणीतरी विचारायचं. शेवटी नवऱ्याने लिहिलं, "आमचं बाळ राहिलं नाही. ती तब्येतीने ठीक आहे. कृपया कारण विचारू नका, 'पुढच्या वेळी होईल' म्हणू नका." आणि कमेंट फक्त मित्रयादीपुरत्या ठेवल्या. "छोटी परी आकाशात" वगैरे वाचणं मला सोसलं नसतं.

अभय_नाशिक: वडिलांचं फेसबुक अकाउंट तसंच राहिलं तर वाढदिवसाला लोक केक टाकतात. मृत्यूचा दाखला देऊन ते स्मृतीखातं करून घेता येतं, नावाआधी Remembering येतं आणि वाढदिवसाचं नोटिफिकेशन जात नाही.

रेवा_क: मला वेगळंच विचारायचंय. भावाने स्वतःच जीव दिला. आई म्हणते "अचानक निधन" लिही, वहिनी म्हणते खोटं नको.

जुना_वार्ताहर: कसा, कुठे हे तपशील अजिबात नकोत. बाकी कारण लिहायचं की नाही हे मात्र मी कधीच ठामपणे सांगू शकलो नाही. "अचानक गेला" हे खोटं नाही, पण वहिनीला काय लिहिलेलं सोसेल ते आधी तिलाच विचारा, आणि तोपर्यंत फक्त नाव आणि वेळ टाका.