मदत हवी आहे: काही विहिरी नकाशावर बरोबर दिसतात, काही अर्धा किलोमीटर सरकतात. टाइल क्रमांक काढताना कुठे चुकत असावे?

केळीबाग_रावेर

नमस्कार. आमच्या शेतकरी गटासाठी मी विहिरी आणि कूपनलिका दाखवणारा एक छोटा नकाशा तयार करत आहे. केळीला पाणी देण्याच्या पाळ्या ठरवताना तो मोबाइलवर, नेटवर्क नसलेल्या शिवारातही उघडला पाहिजे, म्हणून तयार टाइल्सवर विहिरीची चिन्हे मी स्वतःच उमटवतो. अक्षांश-रेखांशावरून टाइल काढायचे सूत्र सर्वांना माहीत असलेलेच घेतले आहे आणि माझा भाग असा आहे:

```python
n = 2 ** z
x = (lon + 180) / 360 * n
y = (1 - math.asinh(math.tan(math.radians(lat))) / math.pi) / 2 * n
tx, ty = round(x), round(y)
px, py = int(x % 1 * 256), int(y % 1 * 256)
```

अडचण अशी आहे की झूम 16 वर काही विहिरी अचूक बसतात, काही नुसत्या पूर्वेला सरकतात, काही नुसत्या दक्षिणेला, आणि आमची स्वतःची विहीर दोन्हीकडे सरकून नाल्यापलीकडच्या बागेत जाते. उपग्रह चित्रात मोटारीच्या खोलीचे पत्र्याचे छप्पर स्पष्ट दिसते, त्यामुळे मोजलेले स्थान चुकलेले नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. त्याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे झूम 17 वर तीच विहीर बरोबर त्या छपराशेजारी येते. उदाहरणासाठी अक्षांश 21.25 आणि रेखांश 76.04 घ्यावेत. नेमके स्थान उघड करायचे नसल्याने मी ते जवळच्या बिंदूला आणून दिले आहेत, पण वर्तन तेच राहते.

यावलकर

भाऊ, तुकड्याचा क्रमांक हवा असेल तर सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन गावनकाशा पाहावा, त्यात विहिरीही दाखवलेल्या असतात. आमच्या बांधाचा वाद मिटवताना आम्ही तेच केले होते आणि मोजणीचा नकाशा हाती आल्यावरच प्रश्न सुटला.

केळीबाग_रावेर

धन्यवाद दादा, पण इथे जमिनीचा तुकडा अभिप्रेत नाही. जगाचा नकाशा 256 गुणिले 256 पिक्सेलच्या चौकोनी चित्रांत कापलेला असतो आणि त्यातले कोणते चित्र उघडायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

अमळनेरकर

रेखांशाचे सूत्र तुमचे बरोबर आहे. माझ्या मते दोष अक्षांशाच्या ओळीत आहे, तिथे विनाकारण त्रिकोणमिती आणली आहे. उत्तर टोकापासून अंतर मोजून `(90 - lat) / 180 * n` एवढे केले की पुरे, कारण एका तालुक्याच्या आत पृथ्वीची वक्रता जाणवत नाही.

केळीबाग_रावेर

करून पाहिले. y 25031 आला आणि उघडलेल्या टाइलवर डोंगर आणि वाळवंट दिसले. नकाशा लहान करून पाहिला तेव्हा कळले की ती जागा चीनमधल्या काशगर शहराच्या दक्षिणेला आहे.

नकाशेकर_धुळे

अमळनेरकर दादांचे एक म्हणणे खरे आहे: एका तालुक्याच्या आत अक्षांश आणि y यांचे नाते जवळजवळ सरळ रेषेसारखे असते. पण टाइलचा क्रमांक तालुक्याच्या कडेपासून मोजला जात नाही, तो जगाच्या वरच्या कडेपासून मोजला जातो, आणि ती कड 90 अंशांवर नसून सुमारे 85.0511 अंशांवर आहे. मर्केटर प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर ताणले जाते, म्हणून सरळ भागाकार केल्यावर 21.25 अंशांचा बिंदू 39 अंशांच्या आसपास जाऊन पडला. मूळ ओळ होती तशीच ठेवा.

दोष `round` मध्ये आहे. तुमच्या बिंदूसाठी झूम 16 वर x 46610.6596 आणि y 28807.6918 येतो. याचा अर्थ विहीर 46610 व्या स्तंभात आहे आणि त्या टाइलच्या डाव्या कडेपासून दोन तृतीयांश रुंदी ओलांडून आहे. `round` मात्र .6596 पाहून पुढची टाइल, म्हणजे 46611, उचलतो, आणि y चेही 28808 करतो. पिक्सेल तुम्ही अपूर्णांकावरून वेगळे काढता, त्यामुळे ते 168 आणि 177 असे बरोबरच येतात. बरोबर पिक्सेल शेजारच्या टाइलवर उमटला की चिन्ह नेमके एका टाइलच्या रुंदीने सरकते. तुमच्या अक्षांशावर झूम 16 चा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 2.23 मीटरचा असतो, म्हणजे एक टाइल सुमारे 570 मीटरची. विहीर एवढीच पूर्वेला आणि एवढीच दक्षिणेला गेली असणार, मोजून पाहा.

आता विहिरीविहिरीत फरक का, हेही यातूनच कळते. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून कमी असतील तर `round` ही खालीच येतो आणि विहीर योग्य जागी बसते, एकच मोठा असेल तर एकाच दिशेला सरकते. झूम 17 वर तुमचा बिंदू 93221.319 आणि 57615.384 होतो, दोन्ही अपूर्णांक लहान, म्हणून तिथे चूक झाकली गेली. झूम 15 वर तो 23305.330 आणि 14403.846 आहे, म्हणजे तिथे विहीर फक्त दक्षिणेला, पण आता 1140 मीटर सरकलेली दिसली पाहिजे. तसे दिसले तर निदान पक्के समजा आणि ही ओळ बदला:

```python
tx, ty = math.floor(x), math.floor(y)
```

केळीबाग_रावेर

ताई, झूम 15 वर विहीर खरोखरच सरळ दक्षिणेला गेलेली आहे, आणि `floor` लावल्यावर तिन्ही पातळ्यांवर ती छपराशेजारी आली. तीन रात्री मी अक्षांशाच्या सूत्रातच चूक शोधत होतो. मात्र हाच क्रमांक ऑफलाइन वापरासाठी केलेल्या MBTiles फाइलमध्ये शोधला तर काहीच सापडत नाही. स्तंभ 46610 आहे, पण ओळ 28807 नाही.

शहादा_तापीकाठ

त्या फाइलमध्ये `tile_row` दक्षिणेकडून मोजतात, तर तुमचे सूत्र उत्तरेकडून मोजते. `2**z - 1 - ty` करा, म्हणजे 65535 मधून 28807 वजा करून 36728 शोधा. टाइलच्या आतला 177 मात्र उलटवू नका, कारण चित्र तेच राहते आणि त्याचे पिक्सेल वरूनच मोजले जातात. मी तेही उलटवले होते आणि माझी सगळी शेततळी आपापल्या टाइलच्या आत वरची खाली झाली होती.

माझाही एक प्रश्न आहे. माझ्या टाइल्स 512 पिक्सेलच्या आहेत आणि 256 ने गुणल्यावर सगळी चिन्हे टाइलच्या डाव्या वरच्या चतुर्थांशात गोळा होतात.

नकाशेकर_धुळे

अपूर्णांकाला 512 ने गुणा. पण त्या टाइल्स त्याच जागेचे दाट चित्र आहेत, की एका पातळीने खालच्या क्रमांकाखाली ठेवलेल्या आहेत, हे आधी तपासा. दुसऱ्या प्रकारात z मधून एक वजा करावा लागतो, आणि हे फाइल कोणी कशी बनवली त्यावर ठरते.

केळीबाग_रावेर

36728 वर टाइल मिळाली. आता एक उरले आहे. चिन्ह 24 पिक्सेल रुंद आहे आणि एक कूपनलिका टाइलच्या उजव्या कडेपासून पाचच पिक्सेल आत आहे, त्यामुळे चिन्ह अर्धे कापले जाते.

नकाशेकर_धुळे

उरलेला भाग शेजारच्या टाइलवर उमटवावा लागेल: `tx + 1` घ्या आणि px मधून 256 वजा करून ऋण स्थानापासून रेखाटा. चिन्ह टाइलच्या कोपऱ्यात असेल तर चार टाइल्स बदलतात. आणखी एक, मोजलेले अंश चारच दशांश स्थळांपर्यंत ठेवत असाल तर शेवटच्या अंकाचे 11 मीटर, म्हणजे झूम 16 वर पाच पिक्सेल होतात. तुमची कूपनलिका कडेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्या अंकांवर ठरवू नका, पाचवे आणि सहावे स्थळ जपा.

केळीबाग_रावेर

जुन्या वहीत चारच स्थळे लिहिलेली आहेत. ती कूपनलिका रविवारी पुन्हा मोजतो आणि इथे कळवतो.