मुखपृष्ठावरच्या आज्जी: फोटो आधी लहान करायचा की आधी कापायचा?

संध्या:

सर्वांना नमस्कार,

स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी कसबे डिग्रजच्या उसात उभ्या आज्जींचा फोटो ठरलाय. मागचा ऊस काढून त्यांना गडद कुंकवाच्या रंगावर घ्यायचंय. मूळ फोटोत आज्जी ४७२० पिक्सेल उंच आहेत. छपाईत त्या १० सेंटिमीटर येणार, म्हणजे ३०० डीपीआयला साधारण ११८०. एवढा मोठा फोटो माझ्या लॅपटॉपला झेपेना, म्हणून मी आधी तो चौथा हिस्सा केला आणि मग बॅकग्राउंड कापलं. स्क्रीनवर ठीक वाटलं. प्रूफ आलं तर केसांभोवती आणि पदराच्या कडेला हिरवी किनार! धाकटा विचारतोय, आज्जींनी केसांना काय लावलंय.

उलटा क्रम घेतला असता तर फरक पडला असता का? शुक्रवारी फाइल छापखान्यात जायची आहे.

अनिकेत:

संध्याताई, क्रमाचा संबंध नाही. शेवटी आज्जी ११८० पिक्सेलच्याच होणार, मग आधी काय आणि नंतर काय. गेल्या वर्षी कलाकारांचे फोटो मी पूर्ण साइजला कापले आणि मग पायथॉनच्या स्क्रिप्टने लहान केले, तरी कड आलीच होती. लहान करून कापलं की वेळ वाचतो, एवढाच काय तो फरक.

वसंतकाका:

फोटो लहान करायला इतकी चर्चा कशाला? पासपोर्टच्या फॉर्मला फोटो केबीत बसत नव्हता तेव्हा मी क्वालिटी ६० करून सेव्ह केला, लगेच बसला. आज्जींचाही बसेल.

बापू (सांगली):

वसंतराव, तुम्ही फाइलचं वजन कमी केलंत. इथं प्रश्न लांबी-रुंदीचा आहे. आणि संध्याताई, कापायच्या फोटोला क्वालिटी ६० करू नका, कडेला चौकोनी डाग उठतात.

आता मूळ मुद्दा. गणपती पेठेत दुकान टाकल्यापासून मी हेच करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

चौथा हिस्सा केला म्हणजे चार बाय चार, अशा सोळा पिक्सेलचा मिळून एक होतो. केसाची बट मूळ फोटोत तीन-चार पिक्सेल जाड असते. लहान केल्यावर ती जेमतेम एका पिक्सेलची राहते आणि त्यात थोडा पांढरा केस, थोडा हिरवा ऊस असं एकच पाणी होतं. मग तुम्ही कापायला बसता. तो पिक्सेल ठेवला तर हिरवं येतं, काढला तर केस जातो. मधला मार्ग उरतच नाही. तुमच्या आज्जींचं तेच झालं.

पूर्ण साइजला कापलं तर केस आणि ऊस अजून वेगळे दिसतात. तुम्ही ऊस काढता, केस राहतो. मग लहान केल्यावर त्या जागी रंग केसाचाच राहतो, फक्त तो अर्धा-पाव पारदर्शक होतो. खालून कुंकवाचा रंग डोकावतो, आणि केस खरोखर त्या रंगासमोर असल्यासारखा दिसतो. शिवाय मास्क ओढताना हात एक पिक्सेल चुकला तरी छपाईत ती चूक पाव पिक्सेलची होते. लहान केल्यावर चुकलात तर पूर्ण पिक्सेल चुकता.

आणखी एक. लहान करताना बरेच सॉफ्टवेअर फोटो थोडा शार्प करतात. मागे ऊस असतानाच लहान केलं तर पदर आणि ऊस यांच्या सीमेवर बारीक उजळ रेघ उमटते. नंतर कितीही नीट कापा, ती रेघ पदराबरोबर येते. म्हणून शार्पनिंग अगदी शेवटी, कापून लहान केलेल्या फोटोवरच.

पण नुसतं आधी कापलं म्हणजे झालं असं नाही. लेन्समुळे मोठ्या फोटोतही कडेचे दोन-तीन पिक्सेल मिसळलेलेच असतात. तेव्हा साडी, हात, खांदा इथं मास्क दोन पिक्सेल आत घ्या. छपाईत तो अर्धाच पिक्सेल असतो, आज्जी बारीक होत नाहीत. केसांना मात्र हे करू नका, तिथं केस गायब होतील. आणि कड तपासताना फोटोखाली एकदा पांढरा आणि एकदा काळा थर टाकून १०० टक्क्यांवर बघा. फिट टू स्क्रीनवर सगळं गोडच दिसतं.

मृणाल:

बापू, मी नेमकं तुम्ही म्हणता तसंच केलं आणि फसले! आजोबांचा लाल फेट्यातला फोटो व्हॉट्सॲपवरून आला, उंची जेमतेम ५०० पिक्सेल. आधी नीट कापला, मग वर्षश्राद्धाच्या फ्रेमसाठी चौपट केला. कड अशी झाली की जणू फोटो पाण्यात भिजलाय.

बापू:

मृणालताई, तुमचं गणित उलटं आहे. आज्जी लहान होतायत, आजोबा मोठे. मोठं करताना मास्कही ताणला जातो आणि एका पिक्सेलच्या कडेचा चार पिक्सेलचा धूर होतो. तिथं आधी मोठं करायचं आणि त्या मोठ्या फोटोवर पेन टूलने कापायचं. इथल्या डिजिटल बोर्डांवर निम्मे फोटो व्हॉट्सॲपचेच असतात, त्यामुळे हे आमचं रोजचं काम आहे.

फक्त पेन टूलची कड एकदम धारदार ठेवू नका. फोटो मऊ आणि कड धारदार असली की कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. दीड-दोन पिक्सेल फेदर द्या. आणि फेट्याच्या बाबतीत सावध राहा. व्हॉट्सॲपच्या जेपीजीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे लाल रंग फेट्याबाहेर ओघळलेला असतो. चौपट केल्यावर तो ओघळ चांगला सात-आठ पिक्सेलचा दिसेल. मास्क तेवढा आत घ्यावा लागेल.

अनिकेत:

बापू, आज्जींचं पटलं. पण मग माझे कलाकार? मी आधीच कापले होते.

बापू:

तुमची स्क्रिप्ट कशाने लहान करते?

अनिकेत:

cv2.resize. आत्ता उघडून बघितलं आणि कारण सापडलं. कापताना मी फक्त पारदर्शकता शून्य केली होती, खाली बॅकग्राउंडचा रंग तसाच होता. cv2.resize प्रत्येक चॅनल वेगळा धरून सरासरी काढतं, त्यामुळे न दिसणारा रंगही सरासरीत आला आणि कडेला उमटला. आधी रंगाला पारदर्शकतेने गुणायचं, मग लहान करायचं, मग परत भागायचं:

```python
f = img.astype("float32")
f[..., :3] *= f[..., 3:] / 255
f = cv2.resize(f, (w, h), interpolation=cv2.INTER_AREA)
f[..., :3] /= np.maximum(f[..., 3:], 1) / 255
```

पिलोचं resize आरजीबीए फोटोला हे स्वतःच करतं, तिथं ही भानगड नाही. म्हणजे माझा क्रम बरोबर होता आणि निष्कर्ष चुकला. माफी.

तरी एक म्हणतो. ताईंचा लॅपटॉप अडत असेल तर फोटो आधी निम्मा करून, म्हणजे आज्जी २३६० ठेवून कापला तर? छपाईच्या दुप्पट तर राहतोच.

बापू:

साडीला चालेल. केसांना मी नाही करणार. फार तर डोक्याचा भाग वेगळा क्रॉप करून पूर्ण साइजला कापा, लॅपटॉप तेवढं ओढेल.

अनिकेत:

आणि दोन तुकडे जोडताना मानेशी सांधा दिसला तर?

संध्या:

दिसला नाही, पदर आला मध्ये. काल रात्री डोकं वेगळं क्रॉप करून पूर्ण साइजला कापलं, बाकीचं निम्म्यावर. मग दोन्हींच्या मास्कसकट एकत्र लहान केलं. काळ्या थरावर केस स्वच्छ आहेत. पांढऱ्यावर कानाजवळच्या एका बटेत अजून हिरवट झाक दिसते, पण तिथं उसाचं पान खरंच केसांत अडकलंय. ते काढायचं की ठेवायचं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. वसंतकाका, तुमचा पासपोर्टचा फोटो फॉर्मवर ठीक आहे, स्मरणिकेतल्या सदस्यांच्या पानासाठी मूळ फाइल पाठवा.