मदत हवी आहे: वरच्या पहिल्या दाढेचं एकच मूळ बधीर होत नाही

पुण्यात बीडीएसची इंटर्नशिप करतेय. काल कोथरूडच्या एका काकूंच्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल होतं. पोस्टिरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर ब्लॉक दिला. "ओठ काही जड झाला नाही गं," काकू म्हणाल्या. ते बरोबरच, वरच्या ओठाला इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह जाते, हा ब्लॉक तिथे पोचतच नाही. टाळूकडच्या आणि मागच्या मुळात फाइल निवांत गेली, पण मेसिओबकल मुळात टेकवताच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

या मुळाला काही जणांत मिडल सुपिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह असते. तीही मॅक्सिलरीचीच शाखा, प्रीमोलर सांभाळणारी. म्हणून दुसऱ्या प्रीमोलरच्या वर गालाच्या बाजूने इन्फिल्ट्रेशन दिलं आणि दुखणं थांबलं.

पण ही नर्व्ह बऱ्याच जणांना नसतेच. तिथे अँटिरिअर किंवा पोस्टिरिअर शाखा तो भाग घेते. अशा पेशंटला इन्फिल्ट्रेशन पुरतं, की इन्फ्राऑर्बिटल ब्लॉक द्यावा लागतो? आणि क्लॅम्प लावताना टाळूकडची हिरडी दुखू नये म्हणून तुम्ही ग्रेटर पॅलाटाइन दरवेळी देता का? प्रॅक्टिस करणाऱ्यांनी कृपया सांगा, काकू पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत.