मदत हवी आहे: बसच्या आतला जाहिरातीचा फोटो खोटा वाटतोय

लातूरकर_फोटोवाला: लातूर-पुणे मार्गावरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला पोस्टरसाठी बसच्या आतला फोटो हवाय. दुपारी रिकामी बस उभी करून काढला. आयएसओ ८००, एफ ५.६, १/६०. सीटा झकास आल्या, खिडक्या मात्र पांढऱ्याफटक. प्रवासी स्टुडिओत छत्री लावून काढले आणि नंतर सीटवर चिकटवले. मालक म्हणतो, "ही माणसं बसलीत का टांगलीत?" काय करू?

बालाघाट: दुपारी कशाला काढता? दिवस मावळायला काढा, बाहेरचं ऊन उतरतं आणि फरक मिटतो.

मांजराकाठ: अर्धंच बरोबर आहे, बालाघाट. आतला उजेड खिडकीतूनच येतो ना? बाहेर उतरला की आतही उतरतो, फरक तेवढाच राहतो. संध्याकाळचा फायदा एवढाच की तेव्हा छोटा फ्लॅशही पुरतो.

लातूरकर, तुमच्या १/६० ला सीटा बरोबर आल्या. आता खिडकीबाहेरचं शेत मोजा, दुपारी १/२००० च्या आसपास येईल. म्हणजे पाच स्टॉप. मी सूर्य टेकल्यावर आयएसओ ४००, एफ ५.६, १/१२५ वर बाहेरचं बसवतो, खिडकी स्टॉपभर उजळच ठेवतो. आत-बाहेर सारखं केलं की बस काचेच्या पेटीसारखी दिसते.

फ्लॅश आत नको, बाहेर लावा. चौकटीत न येणाऱ्या पुढच्या खिडकीशी, मध्ये पांढरी चादर ताणून. बसची काच हिरवट असते. बाहेरून आलेला फ्लॅश त्याच काचेतून जातो, म्हणून रंग जुळतो. आत लावला आणि चेहऱ्यांचा हिरवेपणा काढायला गेलात की फ्लॅश पडलेला भाग गुलाबी होतो.

तुळजापूरची_पोर: आमच्या गाडीत एसीच चालत नाही, फोटोत मात्र सगळे शाल पांघरून हसतात. त्याचं काय ते आधी बोला.

लातूरकर_फोटोवाला: ताई, ते मालकाला सांगा 🙂 मांजराकाठ, चिकटवलेली माणसं वाचतील का?

मांजराकाठ: नाही वाचत, भाऊ. छत्रीनं दोन्ही गाल सारखे उजळले. बसमध्ये खिडकीकडचा गाल उजळतो, वाटेकडचा दबतो. आणि नीट बघा, माणूस बसला की गादी खचते, शर्टाखाली सावलीची बारीक रेघ पडते. तुमच्या फोटोत गादी सपाट आहे, म्हणून टांगल्यासारखी दिसतात. चार पाहुणे बोलवा, तीन रांगांत बसवा. सगळी बस भरायची गरज नाही, मागे उशांचे माथे दिसले की पुरे.

बालाघाट: मग दोन फोटो जोडले तर? एक आतला, एक खिडकीचा.

मांजराकाठ: ट्रायपॉडवर जमेल. पण पडद्याची कड हलली की तिथं भूत दिसतं.

लातूरकर_फोटोवाला: चादर आणि फ्लॅश पटलं, उद्या संध्याकाळी मुरूडच्या रस्त्याला बस लावतो. पण मालकाला गाडी पळतेय असंही दिसायला हवंय. मागचं शेत आडवं पुसलं तर चालेल का?

मांजराकाठ: जवळची बाभळ जास्त पुसा, लांबचा डोंगर जवळपास तसाच ठेवा. बाकी हे मला कधी मनासारखं जमलं नाही. कुणाला जमलं असेल तर लिहा.