सल्ला हवा: ‘जर्मिनाल’मधलं खाणकाम नेमकं कसं वाचावं?

शाईचा_डाग
एमिल झोलाची ‘जर्मिनाल’ (१८८५) इंग्रजी अनुवादातून वाचून झाली. आमच्या वाचनगटात ‘कादंबरीतलं श्रम’ या विषयावर मला वीस मिनिटं बोलायचंय. जे काही लेख चाळले त्यांत संप, जमाव, क्रांती आणि गरिबी आहे. प्रत्यक्ष काम मात्र कुठे सापडत नाही. माणूस खाणीत उतरून नक्की काय करतो, त्याला कशाचे पैसे मिळतात, कशाचे मिळत नाहीत, आणि याची किंमत लेखक कशी दाखवतो, एवढंच मांडायचं आहे. पाचशे पानांतून कोणती प्रकरणं धरू?

रात्रपाळी
अनुवाद कुठला घ्यावा असं विचारताय का? काही जुन्या इंग्रजी अनुवादांत भाषा सोवळी करून टाकली आहे, ते टाळा. मराठीत पूर्ण अनुवाद आहे का, मलाही हवाच आहे.

शाईचा_डाग
नाही हो, पुस्तक वाचून झालंय. प्रकरणं कोणती धरायची ते विचारतोय.

हिशेबवही
संप बाजूला ठेवा आणि टेकूचा धागा पकडा. छत खाली येऊ नये म्हणून खाणीत जे लाकडी टेकू लावतात ते. सगळ्या कादंबरीची नाडी त्यात आहे, पण बहुतेक वाचक ती पानं भराभरा उलटतात.

तीन जागा पुरतील. पहिली, भाग १, प्रकरण ४ आणि ५. माहू आणि त्याची टोळी अर्ध्या मीटरच्या आसपास जाडीच्या थरात कुशीवर आडवी पडून कोळसा पाडते आहे. माहू सगळ्यात वर, तिथे उष्मा ३५ अंशांपर्यंत चढतो आणि खडकातून पाणी थेंबाथेंबाने त्याच्या तोंडावर पडत राहतं. त्यांना मजुरी मिळते ती टबावर, म्हणजे कोळसा भरलेल्या गाडीमागे. प्रत्येक टबात टोळीचा बिल्ला टाकतात, वर तो मोजला जातो. टेकू ठोकायचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे टेकूला घालवलेली प्रत्येक मिनिट ही त्यांच्या टबातून गेली. मग ते काय करतात? टेकू कमी लावतात, दूर दूर लावतात. इंजिनियर नेग्रेल पाहणीला येतो, वरून माती गळताना बघतो आणि टोळीला तीन फ्रँक दंड ठोकतो. जाता जाता धमकीही देतो, की कंपनीला टेकूचे पैसे वेगळे द्यावे लागतील आणि त्या प्रमाणात टबाचा दर उतरवावा लागेल. पुढचा सगळा संप या एका वाक्यात आहे.

दुसरी जागा भाग ३, प्रकरण ४, पगाराचा दिवस. तिसरी त्याच्या लगेच पुढचं प्रकरण, जिथे छत कोसळतं.

गवाक्ष
मला यात कंपनीचं चुकलं असं वाटत नाही. टेकूचे पैसे वेगळे देणं ही तर सुधारणाच झाली ना? सुरक्षेचं काम फुकट करून घेत होते, ते आता पैसे देऊन करून घेणार. कामगारांना ते कळलं नाही आणि खाणीत नव्याने आलेल्या एतियेनने त्यांना भडकवलं.

हिशेबवही
गवाक्षताई, तत्त्वाचं तुम्ही बरोबर बोलताय, गोम आकड्यात आहे. कंपनीने लावलेल्या नोटिशीत टबाचा दर ५० सेंटीमवरून ४० वर आणला आहे, आणि एक गुंतागुंतीचा हिशेब जोडून म्हटलंय की हे दहा सेंटीम टेकूच्या पैशांतून भरून निघतील. कामगार तोंडी हिशेब मांडतात: टेकूचे मिळाले तर टबामागे फार तर आठ. म्हणजे दोन सेंटीम गेले. हे झोलाने स्वतः लिहिलंय, आणि पुढे एक अर्धं वाक्यही जोडलंय: नीट टेकू लावायला जो वेळ लागेल तो वेगळाच.

या अर्ध्या वाक्यावर थांबा. टबांची संख्या मी माझ्या मनाने धरतो, कादंबरीतली नाही. समजा टोळी दिवसाला २० टब भरते. जुन्या दराने १००० सेंटीम. नव्या दराने २० टबांचे ४८ प्रमाणे ९६०. पण आता टेकू खरोखर नीट लावायचे, म्हणून टब १७ च भरले तर ८१६. दर ४ टक्क्यांनी उतरल्यासारखा दिसतो, हातात मात्र जवळजवळ पाचवा हिस्सा कमी पडतो. कंपनी खोटं बोलत नाहीये, ती फक्त वेळ मोजत नाहीये. आणि ‘टेकू कमी लावले’ याचा दोष जुन्या पद्धतीतही कामगाराच्या माथी, नव्या पद्धतीतही त्याच्याच.

कोळसापट्टा
चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणींबद्दल थोडं माहीत आहे म्हणून लिहितो. आपल्याकडेही गाडीला ‘टब’च म्हणतात, आणि सरदार, ओव्हरमन ही पदं आजही आहेत. छत तपासायची जुनी रीत म्हणजे काठीने ठोकून बघणं. टणक आवाज आला तर धड, ढबढब आवाज आला तर आतून सुटलंय. लाकडी टेकूचा एक गुण असा की तो मोडण्याआधी कुरकुरतो, तेवढ्यात माणूस मागे सरतो. पण तो वर घट्ट बसला पाहिजे. डोक्यावर फळी नाही किंवा टेकू आखूड कापलाय, तर तो नुसता उभा असतो, ओझं घेत नाही. घाईत ठोकलेला टेकू हा दिसायला टेकू असतो, कामाला नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवून नेग्रेलचा प्रसंग वाचा. तो दंड करतो तेव्हा तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असतो. म्हणून तो प्रसंग जास्त बोचतो.

उसाचं_पाचट
आमच्या बीड भागातल्या ऊसतोडीला हे सगळं लागू पडतं. मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, एक दिवस आजारी पडलं की खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वरून दंड. मोळी बांधणं, ट्रॉलीत चढवणं, ती येईपर्यंत रात्री फडात थांबणं, यांचं कुणी वेगळं मोजत नाही. शाईचा_डाग, ऊसतोडीवरची कादंबरी का घेत नाही? लोकांना जवळची वाटेल.

शाईचा_डाग
विषय गटाने ठरवलाय, आणि पुस्तक आमच्याकडे प्रत्येकाने वाचलंय. पण ‘काय मोजलं जात नाही’ हा प्रश्न तुमच्या खाड्यामुळे फार नीट कळतो. वापरतो.
हिशेबवही, पगाराच्या दिवसाचं जरा सांगाल का? तिथला हिशेब मला लागला नाही. माहूच्या हातात १३५ फ्रँक कसे आले?

हिशेबवही
लागतो, पण कागद घेऊन बसावं लागतं. ही पंधरवड्याची मजुरी आहे. कारकून सांगतो की दोन रविवार आणि चार दिवस काम बंद, म्हणून नऊच दिवस भरले. माहू मनात जुळवतो: त्याचे स्वतःचे सुमारे ३०, मुलगी कात्रीनचे १८, धाकट्या झांलँचे ९. थोरला मुलगा झाशारी आणि दोन सोबती मिळून ९०. इथपर्यंत १४७ झाले. त्याच्या म्हाताऱ्या बापाचे, बोनमोरचे, तीन दिवस आहेत, दोन फ्रँकने धरले तर ६. म्हणजे १५३. तो म्हणतो, यापेक्षा कमी कसे? तेव्हा कारकून शेवटचं सांगतो: नीट न लावलेल्या टेकूंबद्दल २० फ्रँक दंड. १५३ मधून २० गेले की १३३, आणि त्याच्या आकड्यांत ‘सुमारे’ आहेच. जुळलं.

आता बघा, नऊ दिवसांच्या कमाईतला आठवा हिस्सा फक्त टेकूच्या दंडात गेलाय. आणि काम बंद ठेवायचं कंपनीने ठरवलंय, मजुरांनी नाही. याआधी भाग १ मध्ये माहूदच्या, म्हणजे माहूच्या बायकोच्या, तोंडी घराचा हिशेब येतो: माहू आणि झाशारी तीन-तीन, कात्रीन आणि म्हातारा दोन-दोन, झांलँ एक, एकूण ११ फ्रँक रोजचे. पण सुट्ट्या आणि बंद धरले तर नऊच्या वर कधी जात नाही, आणि खाणारी तोंडं दहा. ही दोन पानं समोरासमोर ठेवलीत तर वीस मिनिटं पुरणार नाहीत.

एक गफलत टाळा. अनुवादात कुठे सू, कुठे फ्रँक, कुठे सेंटीम येतात. २० सू म्हणजे एक फ्रँक, १०० सेंटीम म्हणजे एक फ्रँक. एतियेनला पहिल्या दिवशी ३० सूंवर घेतात, म्हणजे दीड फ्रँक. वाचणारा हे ३० फ्रँक समजला तर सगळं उलटं होतं.

गवाक्ष
हिशेब पटला. पण मग कात्रीन? १८६६ च्या सुमारास बायका खाणीत उतरायच्या का? मी वाचलंय की कायद्याने बंदी होती. झोलाने रंग चढवलाय.

हिशेबवही
बंदी होती, पण नंतरची. फ्रान्समध्ये बायकांचं भूमिगत काम बंद करणारा कायदा १८७४ चा. कादंबरीचा काळ त्याआधीचा, त्यामुळे कालविसंगती नाही. झोला मात्र आंझांच्या खाणपट्ट्यात गेला तो फेब्रुवारी १८८४ मध्ये, तिथला संप चालू असताना, आणि खाणीत उतरलासुद्धा. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं १८८४ चं काम तो आधीच्या काळात नेऊन ठेवतो. त्या संपातसुद्धा आतल्या टेकूंच्या डागडुजीचं काम कुणी करायचं हा वादाचा मुद्दा होता, म्हणून टेकूची निवड काही योगायोगाने झालेली नाही.

कात्रीनवरून आठवलं. टब रुळावरून घसरतो तेव्हा ती उलटी होऊन टबाखाली कंबर घालते आणि नुसत्या पाठीच्या जोराने ७०० किलोचा टब उचलून रुळावर आणते. वाक्य साधं आहे, आकडा त्यातच. पंधरा वर्षांची मुलगी. यावर भाष्य करू नका, वाचून दाखवा.

कोळसापट्टा
एका गोष्टीचं मला कोडं आहे. सगळी कादंबरी टेकूवर उभी केली, झांलँचे पाय मोडतात तेही छत पडून, आणि शेवटची मोठी दुर्घटना मात्र टेकूने होत नाही. सुव्हारिन खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचं लाकडी अस्तर करवतीने कापतो आणि पाणी आत घुसतं. म्हणजे अखेरीस दोष कंपनीच्या हिशेबाकडून एका अतिरेकी माणसाकडे सरकतो. मला हा लेखकाने केलेला घोळ वाटतो.

हिशेबवही
मला तसं वाटत नाही. अस्तरही शेवटी लाकूडच, आणि ते कापलं जातं तोवर तिथे आधीच गळती सुरू आहे, डागडुजी रखडलेली आहे. पण तुमचा आक्षेप साफ खोडून काढता येत नाही, हे कबूल.

उसाचं_पाचट
बोनमोर राहिला की. पन्नास वर्षं काम, आठव्या वर्षापासून. आता अठ्ठावन्न. साठ पूर्ण झाले तर पेन्शन वर्षाला १८० फ्रँक, आत्ता थांबला तर १५०. म्हणून आणखी दोन वर्षं ओढतोय, काळं थुंकत. तीस फ्रँकांसाठी दोन वर्षं.

गवाक्ष
आणि शेवटी माहूदही. चाळिशीची बाई, नवरा गेला, मुलं गेली, आणि तीच खाणीत उतरते. आत पंख्याचं चाक फिरवायचं, दहा तास, ३० सू.

शाईचा_डाग
एतियेनचा पहिल्या दिवसाचा रोजही ३० सूच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुव्हारिनचा प्रश्न गटापुढे तसाच ठेवतो, उत्तर न देता. गट शनिवारी आहे, तोवर कुणाला अस्तर कापण्याच्या प्रकरणात गळतीचा उल्लेख कुठल्या पानावर आहे ते सापडलं तर इथे टाका, माझ्या प्रतीत भाग ७, प्रकरण २ शोधतोय.