मदत हवी आहे: यूपीआय ॲपला क्रेडिट कार्ड जोडताना कार्डच सापडत नाही

स्नेहल_कराड
डोकं पिकलंय अक्षरशः. क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडायला गेले की बँक निवडते, गोल फिरतं आणि "कार्ड सापडलं नाही" येतं. त्याच बँकेचं बचत खातं त्याच ॲपमध्ये कधीपासून आहे, ते जोडायला दोन मिनिटं पण लागली नव्हती, मग कार्डालाच काय होतंय? पगाराला वेळ आहे, किराणा कार्डावर घ्यायचाय, लवकर सांगा प्लीज.

पेठकर_अण्णा
कार्ड कुठलं ते लिहिलंच नाहीत. व्हिसा, मास्टरकार्ड असेल तर विसरा, स्कॅन करून फक्त रुपेचं चालतं.

निखिल७७
असं काही नाही अण्णा, माझं व्हिसाचं आहे आणि ॲपमधून वीजबिल दर महिन्याला भरतो.

मंजिरी_ताई
निखिल, ते वेगळं. तुमचं कार्ड ॲपमध्ये नुसतं सेव्ह आहे, बिल भरताना कार्डाचंच पेमेंट होतं आणि ओटीपी येतो. दुकानातला क्यूआर स्कॅन करून बघा, तिथे ते कार्ड येणारच नाही. यूपीआयवर क्रेडिट कार्ड 2022 पासून सुरू झालं ते रुपेपुरतंच. स्नेहल, कार्ड रुपे आहे ना? आणि कार्डाला मोबाईल नंबर कोणता दिलाय?

स्नेहल_कराड
रुपेच आहे हो. नंबर तोच, बँकेत मागच्या वर्षी बदलून घेतला, खात्याचे मेसेज सगळे येतात.

मंजिरी_ताई
खात्याचे येतात, पण कार्डाचे? म्हणजे खर्च केल्यावरचा मेसेज, बिलाचा मेसेज? बऱ्याच बँकांत कार्डाची नोंद वेगळी असते, शाखेत फॉर्म भरून खात्याचा नंबर बदलला तरी कार्डावर जुनाच राहतो. ॲप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पक्का करतं आणि मग बँकेला विचारतं की या नंबरावर काय आहे. खातं सापडतं, कार्ड जुन्या नंबरावर, म्हणून "सापडलं नाही".

स्नेहल_कराड
थांबा बघते. कार्डाचा एकही मेसेज नाहीये, बिल ईमेलवर येतं म्हणून कधी लक्षच गेलं नाही. जुनं सिम तर बंद आहे!! आता?

पेठकर_अण्णा
ॲप काढून परत टाका, माझं तसंच झालं होतं.

मंजिरी_ताई
अण्णा, नंबरच जुळत नसेल तर ॲप परत टाकून काय होणार. स्नेहल, कार्डाच्या मागे जो कस्टमर केअरचा नंबर छापलाय तिथेच फोन करा आणि "क्रेडिट कार्डावरचा नंबर बदला" असं स्पष्ट सांगा. जुनं सिम बंद आहे हे आधीच सांगा, नाहीतर ओटीपी तिकडेच पाठवत बसतील. नंबर बदलला की ॲपमध्ये रुपे क्रेडिट कार्ड निवडून बँक निवडा, कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी, ओटीपी आणि मग नवीन यूपीआय पिन. खात्याचा पिन इथे चालत नाही, कार्डाचा वेगळा असतो.

गौरी_डोंबिवली
माझ्या आईचं खातं डेबिट कार्ड नसल्यामुळे जोडता येत नव्हतं, आधार ओटीपीने झालं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

निखिल७७
क्रेडिट कार्डाला आधारचा पर्याय असतो का मग?

स्नेहल_कराड
निखिल, गौरी, वेगळा धागा काढा ना. मंजिरीताई, फोन केला, आता ते व्हेरिफिकेशन करून बदलणार म्हणाले. पण एक सांगा, जोडल्यावर घरभाडं पण यातूनच मालकांना पाठवता येईल ना?

मंजिरी_ताई
नाही. मालकांच्या नंबरावर पाठवायला खातंच लागेल. क्रेडिट कार्डातून फक्त व्यापाऱ्याला पैसे जातात, व्यक्तीला नाही. आणि पैसे कुणी तुम्हाला पाठवले तर तेही बचत खात्यातच येणार, कार्डात नाही, म्हणून खातं ॲपमधून काढू नका.

दुकानदार_सांगली
माझं किराणा दुकान आहे म्हणून सांगतो. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी स्वतःच्या नेहमीच्या खात्याचाच क्यूआर लावलाय, त्यावर क्रेडिट कार्ड जात नाही, मग गिऱ्हाईक आम्हालाच म्हणतं तुम्ही मुद्दाम बंद ठेवलंय. मी व्यापाऱ्यांचा क्यूआर घेतला तेव्हापासून चालतं.

पेठकर_अण्णा
पण दुकानदाराला दोन टक्के कापतात, म्हणूनच नको म्हणतात.

दुकानदार_सांगली
अण्णा, छोट्या दुकानदाराला 2000 पर्यंतच्या व्यवहारावर काही कापत नाहीत. त्याच्या वरच्याला चार्ज लागतो हे खरं, तेव्हा महिन्याचं मोठं बिल असेल तर आधी विचारून घ्या. स्नेहलताई, तुमच्या दुकानाचा स्कॅन करून बघा, पैसे भरायच्या आधीच ॲपमध्ये खालती कार्ड निवडता येतंय का कळतं.

स्नेहल_कराड
आमच्या किराणावाल्याचा स्कॅन केला तर त्याच्या मुलाचं नाव येतं, दुकानाचं नाही. म्हणजे तिथे जाणारच नाही का?

दुकानदार_सांगली
बहुतेक नाही. तरी कार्ड जोडलं की लहान रकमेचं बघा आणि इथे कळवा, काही ठिकाणी दुकानाच्या क्यूआरवर पण माणसाचंच नाव दिसतं.