अनुजाचं पत्र आणि पुस्तकांची यादी (बी विंग ग्रुप)

प्रधान काका, ४०२: मंडळी, सोसायटीचा विषय नाही, तरी विचारतो. नातीसाठी आठवडाभर फिरून १६ पुस्तकं आणली, यादीचा फोटो पाठवला, आणि लेकीचं हे पत्र आलं. तिला विचारूनच इथे टाकतोय. यातलं ठेवू काय आणि काढू काय?

"प्रिय बाबा,
यादी पाहिली. रागावू नका, पण निम्मी पुस्तकं आत्ता पाठवू नका. बाळ तीन आठवड्यांचं आहे. तिला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा नीट दिसतं, तेही काळं-पांढरं ठळक असेल तर. जलरंगातली नाजूक चित्रं सध्या माझ्यासाठीच. तिच्यासाठी आहे तो आवाज. म्हणून चित्राआधी वाक्यं बघा. दुकानात उभं राहून दोन पानं मोठ्यांदा वाचा. 'त्याने आपल्या हातांनी चेंडूला पकडले' असं आपल्या घरात कोण बोलतं? जिथे जीभ अडखळेल ते पुस्तक परत ठेवा.
इथे स्टुटगार्टमध्ये तिच्या कानावर दिवसभर जर्मन पडणार. त्यात ळ नाही, ण नाही, त आणि थ वेगळे नाहीत. सुरुवातीला बाळांना असे सगळे भेद ऐकू येतात. वर्षाच्या आसपास, आजूबाजूला न ऐकलेले भेद पुसट होऊ लागतात. म्हणून बाळ, डोळा, केळं, पाणी असे रोजचे शब्द पुन्हा पुन्हा येणारं पुस्तक हवं.
आणि प्रत्येकाच्या दोन प्रती घ्या, एक तुमच्याकडे ठेवा. तुम्ही फोनपुढे पुस्तक धरलंत तर तिला काहीच कळणार नाही. तुम्ही तिथून वाचा, मी तिला मांडीवर घेऊन तेच पान दाखवीन.
अंकलिपी आत्ता नको.
अनुजा"

साठे, १०१: अंकलिपी नको? मराठी मुलाचं पहिलं पुस्तक अंकलिपीच.

नेने वहिनी, ३०३: साठेभाऊ, अंकलिपीचा कागद पातळ आणि मधे दोन पिना. चार-पाच महिन्यांत बाळ पान पकडतं, मग सगळं तोंडात. ओला कागद फाटला की पिन मोकळी होते. प्रधान भावजी, तुमच्या १६ पैकी पिनांची किती?

प्रधान काका, ४०२: नऊ.

नेने वहिनी, ३०३: ती नऊ दोन-अडीच वर्षांनंतरची. आत्ता पुठ्ठ्याच्या पानांची घ्या. मराठीत ती कमी मिळतात, म्हणून दोनच घ्या पण नीट घ्या. पान दाबून कड बघा, थर सुटत असतील तर लाळेने आठवड्यात उलगडतील. कोपरे गोल हवेत. बाकी पातळ पानांची चित्रपुस्तकं शिवलेली किंवा चिकटवलेली घ्या, ती अनुजाच्या हातात राहतील.

राणे सचिव: कृपया उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते २ पाणी नाही. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, याची नम्र आठवण.

फर्नांडिस, २०१: राणेसाहेब, मागच्या महिन्यात तुमच्या भाच्याच्या मुंजीचे ४० फोटो आले होते. ते चाललं, मग काकांचं पण चालू दे.

राणे सचिव: विषय वेगळा आहे. असो.

साठे, १०१: अंकलिपी तरी एक टाका. वजनाला काहीच नसते.

कामत, ५०१: काका, कुठून घेताय? दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये उभं राहून चाळता येतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा. जावई जर्मन आहेत ना? मग तुलिकाची मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषांत छापलेली बघा, म्हणजे पानावर काय चाललंय ते त्यांनाही कळेल.

नेने वहिनी, ३०३: कामत, दोन भाषांच्या पुस्तकात मराठी ओळ बरेचदा भाषांतर असते. तिथे अनुजाची मोठ्यांदा वाचायची कसोटी जास्त कडक लावा. एका पानावर दोन ओळींपेक्षा जास्त नको, बाळ तेवढा वेळ थांबत नाही.

कामत, ५०१: मान्य. पण जावयांना कळायला हवं, हे तुम्ही नेहमी सोडून देता.

नेने वहिनी, ३०३: सोडत नाही. एखादंच घ्या, एवढंच म्हणते.

प्रधान काका, ४०२: आणि काळं-पांढरं कुठे मिळेल? दुकानात सगळं रंगीत.

नेने वहिनी, ३०३: घरी करा. पांढरा जाड कार्डपेपर, १५ सेंमीचे चौकोन, सहा पुरेत. त्यावर काळ्या कागदाचे आकार चिकटवा: दोन बोटं रुंद पट्टे, मोठं वर्तुळ, मासा, डोळे-तोंड असलेला चेहरा. बारीक नक्षी नको, तिला ती एकच राखाडी डाग दिसेल. कोपरे कात्रीने गोल करा. लॅमिनेशन करू नका, त्याची कड टोचते. ही कार्डं अनुजानेच धरायची, बाळाच्या हाती द्यायची नाहीत. तीन-चार महिन्यांनी काम संपलं.

साठे, १०१: अंकलिपीत पण मासा असतो.

फर्नांडिस, २०१: साठे, तुमचा मासा आम्हाला पाठ झाला.

पेडणेकर, ६०२ (टपाल खात्यातून निवृत्त): आता पाठवण्याचं. प्रधान, दुकानातून थेट जर्मनीला पाठवू नका. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे न घेता पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत तिथे करमुक्त सुटते. दुकानाने थेट पाठवलं की ती भेट राहत नाही. कर थोडाच लागतो, पण अनुजाला तान्हं बाळ घेऊन कस्टमच्या कचेरीत जावं लागू शकतं.

प्रधान काका, ४०२: फॉर्मवर काय लिहू? मी "बुक्स" लिहिणार होतो.

पेडणेकर, ६०२: नुसतं "बुक्स" लिहिलं की अडकतं. सगळं इंग्रजीत, इंग्रजी अक्षरांत लिहा: Children's picture books in Marathi, नग किती, वजन किती, खरी किंमत किती. भेट या चौकटीत खूण. चित्रपुस्तकांचा कस्टम क्रमांक 4903. अनुजाचा फोन नंबर आणि घराच्या घंटीवर लिहिलेलं आडनाव घाला. जर्मनीत पोस्टमन आडनाव बघून देतो. घंटीवर जावयांचं आडनाव असेल आणि तुम्ही प्रधान लिहिलंत तर पाकीट परत येईल. तुमचं ओळखपत्र न्या.

प्रधान काका, ४०२: घंटीवर जावयांचंच आहे. बरं झालं सांगितलंत.

पेडणेकर, ६०२: आणि दोन किलोंच्या आत ठेवा, वजन जितकं कमी तितका खर्च कमी. पुठ्ठ्याची दोन ६०० ग्रॅम धरा, चित्रपुस्तकं पाच ६५०, कार्डं १००, खोकं आणि वेष्टण २००. झाले १५५०. उरलेल्या जागेत पेढे-लाडू घालू नका, खाण्याचं काही निघालं की सगळं पाकीट अडकतं.

नेने वहिनी, ३०३: पावसाळा आहे, आधी प्लास्टिकची पिशवी, मग खोकं. पुस्तकं कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवली असतील तर ती मुळीच पाठवू नका. तो वास कागदात बसतो आणि तान्ह्या बाळाला अपाय करतो. तुमच्याकडे ठेवायच्या प्रतींनाही गोळ्या लावू नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

राणे सचिव: टाकीचे काम ११ ला सुरू होईल. प्रधान, काळा कार्डपेपर माझ्याकडे गणपतीच्या मखराचा उरलाय, घेऊन जा.

प्रधान काका, ४०२: येतो संध्याकाळी. काल रात्री सातही पुस्तकं मोठ्यांदा वाचून पाहिली. दोन ठिकाणी अडखळलो, ती काढली. पाच राहिली. पुठ्ठ्याची दोन आणि दुसऱ्या प्रती उद्या दादरहून.

साठे, १०१: आणि अंकलिपी?

प्रधान काका, ४०२: घेतली आहे, साठे. माझ्या कपाटात आहे. ती चार वर्षांची होऊन इथे येईल तेव्हा तुम्हीच शिकवा.

साठे, १०१: पाटी पण लागेल. मी आणतो.